बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालंय. पॉण्डिंग टेस्ट कशी करायची, पाणी किती वेळ ठेवायचं आणि नेमकं काय बघायचं?

पॉण्डिंग टेस्ट म्हणजे फरशीवर पाणी तुंबवून ठेवायचं आणि ते कुठे गळतं का बघायचं. ठेवायचं ७२ तास. ठेकेदार २४ म्हणेल, तुम्ही हो म्हणू नका. अगदीच अडलं तर ४८, त्याखाली नाही. पण आमचं बाथरूम काही तास कमी पडल्यामुळे गळलं नाही, ते सिमेंटच्या एका गोळ्यामुळे गळलं. म्हणून आधी तेच सांगते.

आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, इमारत तीसेक वर्षांची. २०१९ च्या एप्रिलमध्ये बाथरूम फोडायला घेतलं. चार फूट बाय सात फूट, एक फूट संकन, म्हणजे तिथला स्लॅब बाकी घरापेक्षा तेवढा खोल. जुना कोबा काढून स्लॅब उघडा केला, कोपऱ्यांत सिमेंटचा गोलसर वाटा मारला, कोटिंगचे दोन हात झाले. ठेकेदार माझ्या धाकट्या दिरांच्या ओळखीचा. दीर साइट इंजिनियर, त्यामुळे घरात बांधकामाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक. माझ्या शब्दाला किंमत परीक्षानळ्या मोजण्यापुरती.

पाणी भरायच्या दिवशी प्लंबरने नहाणीच्या आणि टॉयलेटच्या पाइपात बारदान कोंबलं, वरून सिमेंटचा गोळा थापला आणि तो पाइपाच्या भोवती चांगला वीतभर पसरवून गुळगुळीत केला. दिसायला इतकं छान की मी फोटोसुद्धा काढला. दोन इंच पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी दीर आले, खालच्या मजल्यावरच्या शेजारच्या आजींच्या बाथरूममध्ये डोकावले, छत कोरडं. "वहिनी, चोवीस तास झाले. पास. पुस्तकात एवढंच आहे." मी म्हटलं, "भावोजी, अजून दोन दिवस राहू दे की." तर म्हणाले, "मजूर बसून राहतात, त्यांचे पैसे कोण देणार?" प्लंबरने छिन्नी-हातोडा घेऊन गोळे फोडले, पाणी गेलं, पुढच्या आठवड्यात कोबा आणि टाइल्स.

गणपतीत आजींचा फोन आला. "अगं, आंघोळीला बसले की डोक्यावर थेंब पडतो. आता हे पाणी माझं की तुझं ते मला कळेनासं झालंय." खाली जाऊन पाहिलं तर चार इंची पाइपाच्या भोवती ओलं कडं, रंगाला फुगा आलेला. दिरांनी तीन निदानं केली: आजींची स्वतःची लाइन, वरच्या मजल्याचं पाणी, पावसाची ओल. "आपली टेस्ट पास झालीय वहिनी" हे प्रत्येक निदानाच्या शेवटी. त्यात दोन महिने गेले.

दिवाळीनंतर दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं, म्हातारा माणूस, जेमतेम बोलणारा. त्याने टॉयलेटजवळच्या चार टाइल्स काढल्या, कोबा खणला आणि मला हात घालून बघायला सांगितलं. पाइपाच्या भोवती वीतभर कोटिंगच नव्हतं. गोळा फोडताना त्याला चिकटून ते सोलून निघालं होतं, आणि ते कुणी परत लावलं नाही. खालचा पाइप आणि स्लॅब यांचा सांधा उघडा.

म्हणजे बघा, पाणी भरलेलं असताना तो सांधा गोळ्याखाली झाकलेला होता. बाथरूममध्ये सगळ्यात जास्त गळणारी जागा तीच, आणि आम्ही तीच सोडून बाकी सगळं तपासलं. वर टेस्ट संपवताना तीच जागा फोडली. या टेस्टला बहात्तर काय, आठ दिवस दिले असते तरी ती पासच झाली असती. त्यामुळे तुमच्याकडे प्लंबर सिमेंट कालवताना दिसला तर तिथेच थांबवा. पाइपाच्या आत घालून पिळला की फुगणारा रबरी प्लग मिळतो. तो तोंडापासून चार बोटं खाली बसवा, म्हणजे पाइपाची कड आणि सभोवतालचं कोटिंग पाण्याखाली उघडं राहतं. प्लग मिळाला नाही तर पाइपाच्या सॉकेटात रबर रिंग लावून पाण्याच्या पातळीच्या दोन बोटं वर येईल एवढा तुकडा उभा करा. पाणी त्याच्या भोवती उभं राहतं आणि कुणी नळ चालू ठेवून गेलं तरी जादा पाणी वरच्या तोंडातून निघून जातं.

अख्खी फरशी उखडून पुन्हा कोटिंग केलं, त्यावर संरक्षणाला सिमेंटचा पातळ थर दिला आणि या वेळी पाणी मी भरलं. कोटिंगनंतर पाकिटावर लिहिलेत तेवढे दिवस जाऊ दिले. घाई करून भरलं की ॲक्रिलिकवालं कोटिंग मऊ पडतं, पाणी दुधासारखं पांढुरकं होतं. तसं दिसलं तर टेस्ट पुढे नेण्यात अर्थ नाही, पाणी काढा आणि वाळू द्या. दाराशी विटांची पाळ बांधून तिला आतून सिमेंट मारलं. पाणी पाळीच्या आत राहील आणि सगळ्यात उंच कोपऱ्यातही वाटा बुडेल इतकं, म्हणजे साधारण दोन इंच. बाथरूमचे सगळे अँगल कॉक बंद केले, कारण ठिबकणारा नळ गळतीची भरपाई करत बसतो आणि पातळी जागची हलत नाही.

आता मोजणं. इथे मला दिरांशी भांडायचंच आहे. ते भिंतीवर पेन्सिलची रेघ मारून "फारसं उतरलं नाही" म्हणतात. फारसं म्हणजे किती? आमच्या बाथरूमचं क्षेत्रफळ २.६ चौरस मीटर, म्हणजे पातळी एक मिलिमीटर उतरली की २.६ लिटर पाणी गेलं. त्यातलं हवेत किती गेलं हे कळायला मी सरळ भिंतीचा पिठाचा स्टीलचा डबा त्याच पाण्यात उभा केला आणि त्यात बाहेरच्याइतकंच पाणी भरलं. डब्यातलं पाणी फक्त वाफ होऊन उतरतं. दोन्हीकडे रोज सकाळी सातला, ठरलेल्या जागी, स्टीलची पट्टी उभी धरून वाचन घेतलं.

पहिल्या दिवशी बाथरूम ५ मिलिमीटर उतरलं, डबा २. फरक ३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास आठ लिटर, अर्धी बादली. माझ्या पोटात गोळा आला. पण मिस्त्री शांत. म्हणाला, "ताई, वरचा थर पाणी पितोय. उद्या बघा." दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे २. तिसऱ्या दिवशीही दोन्हीकडे २. म्हणजे चोवीस तासांवर थांबले असते तर या खेपेला चांगलं काम नापास ठरवलं असतं. भावोजी, चोवीस तास असेही फसवतात. पहिला दिवस सिमेंटचा, पुढचे दोन तुमचे. फरक तिसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर मात्र पाणी कुठेतरी जातंय.

तरी नुसत्या पट्टीवर विसंबू नका. दिवसाला अर्धा लिटर गळती म्हणजे आमच्याकडे ०.२ मिलिमीटर. ती पट्टीवर दिसणारच नाही, पण खालच्या आजींच्या छतावर नक्की दिसेल. म्हणून खालच्यांशी गोडीगुलाबीने वागा, सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे जावं लागतं. त्यांचं फॉल्स सीलिंग असेल तर एक तुकडा काढून घ्या, नाहीतर काहीच कळत नाही. पाणी भरायच्या आधी छतावरच्या जुन्या डागांच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि तारीख घाला. जुना डाग रेघेबाहेर पसरला तर तो जुना राहिला नाही. हात लावून बघा पाइपाच्या भोवती, स्लॅब बीमला मिळतो त्या रेषेत, दिव्याच्या पॉइंटपाशी. तेल-रंगाचं छत लवकर ओलं दिसत नाही, पाणी रंगामागे साठतं आणि फुगा येतो, म्हणून बोटाने दाबून बघा. दाराबाहेर पॅसेजमधलं स्कर्टिंगही पाहा, उंबऱ्याखालून जाणारं पाणी खाली न जाता आडवं चालतं.

मी पाण्यात नीळ घातली होती. निळा डाग खाली आला तर वाद मिटला, पाणी तुमचंच. आला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण काँक्रीटमधून झिरपताना रंग मागे राहू शकतो. दिरांनी अर्थातच याचा दुसरा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरून "निळं कुठे आलंय?" असं आजींना विचारून ठेवलं.

शेवटचं वाचन झालं की पाणी बादलीने उपसू नका. प्लग काढून सगळं एकदम सोडा आणि त्या वेळी कुणालातरी खाली उभं करा. टेस्टभर ट्रॅप आणि त्याखालचा पाइप कोरडाच असतो, त्यांची परीक्षा या दहा मिनिटांत होते. आमच्याकडे शंभरावर लिटर गेलं, आजी खाली छत्री घेऊन उभ्या होत्या. एक थेंब नाही.

टाइल्स बसल्यानंतर टेस्ट करू असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गळलं तरी कुठून ते कळणार नाही, पाणी टाइलखालच्या मालात फिरत राहतं. कोटिंगनंतर एकदा आणि कोब्यानंतर एकदा, दोन्ही टाइल्सच्या आधी.

आणि हो, या टेस्टमध्ये भिंती आणि भिंतीतले नळाचे पाइप तपासले जात नाहीत. पाइपांची प्रेशर टेस्ट वेगळी, ती आधी करून घ्या. दोन इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो, ते सहज पेलतं. पण संकन काठोकाठ भरलं तर ते ३०० किलो होतं. जुन्या इमारतीत खालून सळ्या दिसत असतील तर तसलं धाडस स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय नको. खालच्या दिव्याचा पॉइंट ओला वाटला तर आधी त्यांचा एमसीबी पाडा.

भावोजी, हे वाचत असाल तर पुस्तकात चोवीस असेलही. पण ते "निदान चोवीस" असं आहे का, ते पान दिवाळीला घेऊन या. आजींच्या छतावर माझी पेन्सिलची रेघ अजून आहे, तारखेसकट.