लांबच्या बाथरूमला गरम पाणी उशिरा येतं, त्यावर इन्सुलेशन की रिटर्न लाइन?

प्रश्न: आमचं साताऱ्यात दुमजली घर आहे. सोलर गच्चीवर, २०० लिटरचा. खालच्या मागच्या बाथरूममध्ये सकाळी गरम पाणी यायला तीन मिनिटं लागतात, तोवर बादलीभर गार पाणी जातं. प्लंबर म्हणतो पाइपला इन्सुलेशन करा, सोलरवाले म्हणतात रिटर्न लाइन टाका. नक्की कशाने फरक पडेल?

उत्तर: सकाळच्या पहिल्या बादलीचा प्रश्न असेल तर नुसत्या इन्सुलेशनने तो सुटणार नाही. रिटर्न लाइनने सुटेल, पण तिचा पंप फक्त गरजेपुरता चालवला तरच. मी साताऱ्यातच सोलर आणि प्लंबिंगची कामं करतो. तुमच्यासारखंच एक घर मागच्या थंडीत शाहूपुरीत केलं, त्याच्याच आकड्यांवर सांगतो.

त्या घरात सोलरपासून बाथरूमच्या नळापर्यंत २२ मीटर सीपीव्हीसी होती, सगळी एक इंची. एक इंची पाइपात मीटरला साधारण ०.४३ लिटर पाणी मावतं, म्हणजे लाइनीत साडेनऊ लिटर. रात्रभर ते तिथेच उभं राहून गार होतं आणि सकाळी नळ उघडला की आधी तेच बाहेर पडतं. मागून येणारं गरम पाणीही वाटेत पाइप तापवत येतं आणि पुढच्या गारात थोडं मिसळतं, त्यामुळे प्रत्यक्षात बादलीत १३-१४ लिटर जमा झाल्यावर नळाला ऊन पाणी आलं. मिनिटाला पाच लिटरची धार होती, त्यामुळे पावणेतीन मिनिटं लागली.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ‘प्रेशर चांगलं मिळेल’ म्हणून गरम लाइन शेवटपर्यंत एक इंची नेतात, आणि उशिराचं मोठं कारण तेच असतं. पाऊण इंचीत मीटरला ०.२६ लिटर मावतं, अर्धा इंचीत जेमतेम ०.१२. एकाच बाथरूमला जाणारी लाइन पाऊण इंची असती, तर सकाळचं वाया जाणारं पाणी साधारण साठ टक्क्यांवर आलं असतं. नवीन बांधकाम असेल तर हे आधीच ठरवा. झालेल्या घरात भिंत फोडायची नसते, म्हणून पुढचे उपाय.

इन्सुलेशन पाणी तापवत नाही, गार होण्याचा वेळ लांबवतं. एक इंची उघड्या पाइपातलं ५५ अंशांचं पाणी थंडीच्या दिवसांत, वारा नसताना, २०-२५ मिनिटांत ४० अंशांवर येतं. १३ मिलिमीटर जाडीची काळ्या रबरी फोमची नळी चढवली तर त्याला तासाभराच्या वर लागतो. गच्चीवर वारा असेल तर उघडा पाइप याहून कितीतरी लवकर गार होतो. म्हणजे पहिल्याची अंघोळ झाल्यावर अर्ध्या तासाने दुसरा गेला तर इन्सुलेशन असलेल्या घरात त्याला लगेच ऊन पाणी मिळतं. पण रात्री नऊला बंद केलेला नळ सकाळी सहाला उघडला, तर मधल्या नऊ तासांत इन्सुलेशन असो वा नसो, पाणी गारच झालेलं असतं. तुमचा प्लंबर चुकीचं सांगत नाही, फक्त त्याचा उपाय दुसऱ्या-तिसऱ्या अंघोळीचा आहे.

करायचं झालं तर गच्चीवरचा भाग आधी करा, आणि एल्बो, टी, युनियन उघडे सोडू नका. फोमच्या सांध्यांना टेप हवीच, नाहीतर आपल्याकडच्या पावसात आत पाणी शिरतं आणि ओला फोम काही कामाचा राहत नाही. उन्हानेही तो तडकतो, म्हणून वरून ॲल्युमिनियमचं आवरण किंवा मोठा पीव्हीसी पाइप घाला.

आता रिटर्न लाइन. बाथरूमजवळ, गरम लाइनच्या शेवटी एक टी काढायची आणि तिथून अर्धा इंची पाइप परत सोलरच्या टाकीकडे न्यायचा. मधे गरम पाण्याला चालणारा छोटा सर्क्युलेशन पंप बसतो. पंप चालू केला की लाइनीतलं गार पाणी मोरीत न जाता टाकीत परत जातं आणि त्याच्या जागी गरम येतं. दोन मजले पाणी चढवायचं म्हणजे मोठा पंप लागेल असं वाटतं, पण दोन्ही बाजूंना पाण्याचा उभा स्तंभ सारखाच असतो. त्यामुळे पंपाला फक्त पाइपातलं घर्षण सोसायचं असतं. टाकी खाली आणि बाथरूम वर असतं तर गरम पाणी आपोआप चढून थोडं फिरलं असतं. आपल्याकडे टाकी गच्चीवर, म्हणून पंपाशिवाय ते खाली फिरत नाही.

शाहूपुरीच्या घरात मालकांनी पहिल्या आठवड्यात पंप रात्रभर चालू ठेवला. सकाळी नळाला पाणी लगेच आलं, पण कोमट, आणि तिसऱ्या माणसापर्यंत गारच. कारण साधं आहे. जाणारी २२ मीटर आणि परतीची १८ मीटर, सगळी लाइन इन्सुलेटेड असूनही रात्रभर गरम ठेवली की साधारण ३४० वॅट उष्णता हवेत जाते. आठ तासांत ती २.७ युनिट होते. २०० लिटर पाणी तेवढ्याने १२ अंशांनी उतरतं. पाइप उघडे असते तर नुकसान याच्या दुपटीहून जास्त झालं असतं. म्हणून रिटर्न लाइन टाकायची तर इन्सुलेशन दोन्ही पाइपांना हवंच.

आम्ही मग पंप बाथरूमबाहेरच्या बटणावर घेतला. अंघोळीआधी बटण दाबायचं, तीनेक मिनिटांत रिटर्नच्या तोंडाशी बसवलेला सेन्सर ४० अंशांवर पंप बंद करतो. वेळ तेवढाच लागतो, पण त्या वेळात तुम्ही दात घासता आणि पाणी मोरीत जात नाही.

दोन जागी चूक होते. परतीचा पाइप टाकीच्या वरच्या भागात सोडू नका. टाकीत गरम पाणी वर थर करून असतं, गार पाणी वरून सोडलं की तो थर मोडतो. ते खालच्या, गार पाण्याच्या इनलेटला जोडा. दुसरं, पंपानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, बाण टाकीच्या दिशेने. तो नसेल किंवा अडकला असेल, तर गरम नळ उघडल्यावर टाकीच्या तळाचं गार पाणी रिटर्न लाइनमधून उलटं येतं आणि गरमात मिसळतं. ओळखायचं असं: नळ गरम बाजूला पूर्ण सोडा, पाणी कोमट लागलं तर रिटर्नचा कॉक बंद करा. मिनिटाभरात पाणी चांगलं गरम झालं, तर दोष व्हॉल्व्हमध्येच आहे.

पण सोलरवाल्यांना होकार देण्याआधी एकदा पहाटे बादली मोजा. लाइनीची लांबी टेपने घ्या, पाइपाचा साइज बघा आणि वरच्या आकड्यांनी किती पाणी मावतं ते काढा. मोजलेलं पाणी त्याच्या दीडपटीच्या आत असेल तर दोष लांबीचाच आहे. तिप्पट-चौपट निघालं, तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत शिरतंय. बहुतेक वेळा टेलिफोन शॉवर टोकाला बंद करून मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे राहिलेले असतात, आणि गार लाइनीवर प्रेशर पंप असेल तर हमखास. ते बंद करून पुन्हा मोजा. पहिल्या बादलीचा त्रास तिथेच संपला, तर रिटर्न लाइनचा खर्च करायची गरज नाही.