लिफो रिझर्व्ह नफ्यातून अख्खा वजा करू नका

प्रश्न: फिफोच्या आकड्यांवरून लिफोचा नफा काढताना लिफो रिझर्व्ह कुठे वजा करायचा? आणि करंट रेशो कोणता धरायचा?

साठ्यातून अख्खा रिझर्व्ह, नफ्यातून फक्त यंदाची वाढ. खरं तर एवढ्यावर थांबायला हवं, पण याच एका मुद्द्यावरून अंधेरीच्या ऑफिसात माझं सीनियरशी असं वाजलं होतं की आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काम साधं होतं. मुंबईच्या एका वायर कंपनीचे फिफोचे आकडे एका अमेरिकन कंपनीच्या लिफोच्या आकड्यांशेजारी बसवायचे होते. फिफोवाल्याच्या ताळेबंदात लिफो रिझर्व्ह छापलेला नसतो, तो आपणच काढावा लागतो. आकडे सोपे करून सांगतो. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटीही गोडाऊनमध्ये १,००० बंडलं. फिफोने सुरुवातीचा भाव ५,७०० म्हणजे ५७ लाख, शेवटचा ६,००० म्हणजे ६० लाख. लिफोने मात्र तीच जुनी बंडलं पडून आहेत असं धरायचं, भाव ४,९००, म्हणून दोन्ही वेळा ४९ लाख. या दोन मूल्यांमधला फरक म्हणजेच रिझर्व्ह, तो ८ लाखांवरून ११ लाखांवर गेला.

सीनियरने करापूर्वीच्या ३० लाखांच्या फिफो नफ्यातून सरळ ११ वजा केले आणि १९ लिहिले. मी म्हटलं, "सर, ८ लाख मागच्या वर्षांतच गेलेत. यंदा फक्त ३." त्यावर, "रिझर्व्ह म्हणजे बाजूला काढलेली रक्कम, ती नफ्यातूनच जाणार ना! तू अजून नवीन आहेस." हा शब्दच घात करतो. बाजूला काहीच काढलेलं नसतं, तो दोन मूल्यांमधला फरक आहे.

पटत नसेल तर खरेदीवरून ताळा करा. वर्षाची खरेदी २०३ लाख. फिफोचा विक्रीचा खर्च ५७ अधिक २०३ वजा ६०, म्हणजे २००. लिफोमध्ये साठा हललाच नाही, म्हणून खर्च तितकाच जितकी खरेदी, २०३. फरक ३, म्हणजे रिझर्व्हची वाढ. नफा ३० चा २७ झाला. २५ टक्के कर धरला तर करानंतर २२.५ चे २०.२५. हा ताळा मी पेन्सिलने प्रिंटआउटच्या मागे करून दाखवला. तो कागद त्याने उलटाही करून पाहिला नाही.

करंट रेशोला वर्षाची वाढ कामाची नाही, तिथे अख्खे ११ लाख लागतात. चालू मालमत्ता १२०, चालू देणी ९०, म्हणजे १.३३, आपल्या बँका ज्याच्यावर जीव टाकतात तोच आकडा. साठ्यातून ११ काढले की १०९ भागिले ९०, म्हणजे १.२१. पण इथेही लोक अर्धवट थांबतात. लिफो आधीपासून असता तर आजवरचा कर कमी भरला असता, ११ चे २५ टक्के म्हणजे २.७५ लाख रोकडीत असते. मग रेशो १.२४. कर धरलाय की नाही ते तक्त्याखाली लिहा, नाहीतर वाचणारा १.२१ घेऊन भलताच निष्कर्ष काढेल.

रिझर्व्ह कमी झाला तर सगळं उलटतं. पुढच्या वर्षी भाव ६,००० वरच राहिला आणि साठा ६०० बंडलांवर आला, तर रिझर्व्ह ६.६ लाख होतो. म्हणजे ४.४ लाखांची घट, आणि लिफोचा नफा फिफोपेक्षा तेवढाच जास्त दिसतो, कारण ४,९०० भावाची जुनी बंडलं आजच्या विक्रीसमोर लागली. धंदा सुधारला म्हणून नाही, गोडाऊन रिकामं झालं म्हणून. तुलनेत असा उडालेला नफा दिसला की आधी बंडलं मोजा.

आणि हो, हे सगळं फक्त तुलनेपुरतं. एएस २, इंड एएस २ आणि आयकराचा आयसीडीएस २, तिघांनाही लिफो चालत नाही, तेव्हा मुंबईच्या कंपनीच्या खऱ्या हिशोबात हे घुसवू नका. शक्य असेल तर उलटं करा, अमेरिकन कंपनीचेच आकडे फिफोवर आणा. रिझर्व्ह बहुतेक वेळा तिच्या टिपांमध्ये मिळतो, जुन्या भावांचे थर शोधत बसावं लागत नाही. रेशोसाठी मी तर फिफोच धरतो, साठ्याचा भाव आजच्या बाजाराजवळ असतो म्हणून.

ते १९ लाख क्लायंटकडे गेले. चार दिवसांनी एका ओळीचा मेल आला, सुरुवातीचा रिझर्व्ह कुठे आहे? सीनियरने तो मला फॉरवर्ड केला, वर लिहिलं होतं, "प्लीज चेक."