नाव रजिस्टर नसताना कुणी तेच नाव वापरलं तर: पासिंग ऑफ की ट्रेडमार्कचं उल्लंघन?

प्रश्न: बेळगावात आमचं कुंद्याचं दुकान २००४ पासून ‘दीपमाळ’ नावानं चालतं. नाव रजिस्टर केलेलं नाही. आता गडहिंग्लजला एकानं ‘दीपमाळ कुंदा’ काढलाय आणि खानापुरात दुसऱ्यानं ‘दीपमाला कुंदा’. मित्र म्हणतो ट्रेडमार्कचं उल्लंघन झालं, वकील म्हणतात पासिंग ऑफ. हुबेहूब नाव आणि मिळतंजुळतं नाव यात काही फरक पडतो का?

उत्तर:

तुमचे वकील बरोबर आहेत. ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम २७ स्पष्ट आहे: नोंदणी नसलेल्या नावासाठी उल्लंघनाचा दावा चालत नाही, पण पासिंग ऑफचा, म्हणजे समोरच्यानं आपला माल तुमचा म्हणून खपवल्याबद्दल दावा करण्याचा, हक्क शाबूत राहतो. त्यामुळे आज तरी दोघांवरही पासिंग ऑफच. फरक पडतो तो तुम्हाला काय काय शाबीत करावं लागतं, यात.

बहुतेकांची गल्लत इथे होते. गडहिंग्लजवाल्यानं नाव जसंच्या तसं उचललंय, म्हणून त्याच्याविरुद्धची केस आपोआप जिंकली असं वाटतं. तसं नाही. तेच नाव आणि तोच माल असला की ग्राहकाचा गोंधळ होणार असं कोर्टानं गृहीत धरायचं, ही सोय कलम २९ च्या पोटकलम ३ मध्ये आहे आणि ती फक्त नोंदणीकृत नावाला मिळते. शिवाय तिला दोन्ही गोष्टी हुबेहूब लागतात. उद्या नाव रजिस्टर झालं आणि त्यानं ‘दीपमाळ’ नावानं कुंद्याऐवजी चिवडा विकला, तर नाव तेच पण माल फक्त सारख्या जातीचा. मग गोंधळाची शक्यता तुम्हालाच दाखवावी लागेल. ‘दीपमाला’च्या बाबतीत तर नोंदणी असली तरी ती दाखवावीच लागते.

पासिंग ऑफमध्ये तीन गोष्टी शाबीत करायच्या असतात: त्या भागातल्या गिऱ्हाइकांत तुमच्या नावाची पत आहे, समोरच्याच्या वागण्यामुळे त्याचा माल तुमचा वाटतो, आणि त्यानं तुमचं नुकसान झालंय किंवा होण्याची शक्यता आहे. त्याचा हेतू वाईट होता हे दाखवण्याची सक्ती नाही. खानापूरवाल्यापुढे पहिली गोष्ट सोपी आहे, कारण तिथली माणसं रोज बेळगावात येतात. गडहिंग्लजला मात्र तुमचं नाव कोण ओळखतं, हे कागदानं दाखवावं लागेल: तिथल्या किंवा चंदगडच्या दुकानदारांना पाठवलेल्या मालाची बिलं, पार्सलच्या पावत्या, त्या भागात जाणाऱ्या मराठी पेपरातल्या जाहिराती. त्याबरोबर २००४ पासूनची जितकी मिळतील तितकी जुनी बिलं, खोकी छापणाऱ्या प्रेसची बिलं (त्यावर नाव आणि तारीख दोन्ही असतात, म्हणून मला ती सगळ्यात भक्कम वाटतात), अन्न परवाना, आणि वर्षवार विक्री व जाहिरातखर्चाचं सीएचं प्रमाणपत्र. जुन्या हिशेबाच्या फायली रद्दीत गेल्या असतील तर आधी प्रेसवाल्याकडे चौकशी करा.

आता मिळतंजुळतं म्हणजे किती? कोर्ट दोन खोकी शेजारी शेजारी ठेवून फरक मोजत नाही. १९७२ साली पारले आणि म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीच्या बिस्किटाच्या वेष्टनावरून सर्वोच्च न्यायालयात खटला झाला. एका वेष्टनावर शेतघरासमोर पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. दुसऱ्यावर डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्याच. बारकावे वेगळे होते, तरी कोर्ट म्हणालं की एक वेष्टन पाहिलेल्या माणसाला काही दिवसांनी दुसरं दाखवलं तर तो फसेल. कसोटी ती आहे: साधा ग्राहक, अर्धवट आठवण. ‘दीपमाळ’ आणि ‘दीपमाला’ यांत उच्चाराचा फरक एवढासाच, आणि कुंदा तोंडी नाव सांगून मागितला जातो. सीमाभागात आणखी एक भर पडते: बोर्ड मुख्यतः कानडीत, खोक्यावर मराठी आणि इंग्रजीही. म्हणून तिन्ही लिप्यांतल्या बोर्डांचे आणि खोक्यांचे फोटो ठेवा. इंग्रजीत Deepmal आणि Deepmala लिहिल्यावर फरक उरतो तो शेवटच्या एका अक्षराचा.

‘कुंदा’ आणि ‘बेळगाव’ या शब्दांवर मात्र तुमचा हक्क सांगू नका. एक मालाचं नाव, दुसरं गावाचं, ते सगळ्यांचेच. सगळा जोर ‘दीपमाळ’वर ठेवा.

खानापूरवाला बहुधा म्हणेल, ‘माझं खोकं हिरवं, त्यांचं लाल, वर माझं आडनाव मोठ्या अक्षरांत आहे.’ पासिंग ऑफमध्ये हा बचाव चालू शकतो. या जादा गोष्टींमुळे गिऱ्हाईक फसत नसेल तर तो सुटतो. उल्लंघनाच्या दाव्यात तो सुटत नाही: नोंदवलेल्या नावाचा मुख्य भाग उचलला की खोक्याचा रंग आणि आडनाव गौण ठरतं. नवरत्न फार्मास्युटिकलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही विभागणी करून दिली आहे, आणि माझ्या मते नोंदणी करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

दुसरं कारण तुमच्यासाठी तितकंच मोठं आहे: कोर्ट कुठलं? उल्लंघनाचा दावा तुम्ही जिथे धंदा करता तिथे, म्हणजे बेळगावच्या जिल्हा पातळीवरच्या कोर्टात करता येतो (कलम १३४). पासिंग ऑफला ही सवलत नाही. तो दावा समोरचा राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर फसवणूक घडली तिथे. खानापूर बेळगाव जिल्ह्यातच, त्यामुळे तिथे अडचण नाही. गडहिंग्लजवाल्यासाठी मात्र कोल्हापूर जिल्ह्यात जावं लागेल, जोवर त्याचं खोकं बेळगावात विकलं गेल्याचं दाखवता येत नाही. तसं ते इथल्या एखाद्या दुकानात मिळत असेल तर विकत घ्या, दुकानाचं नाव आणि तारीख असलेलं बिल घ्या, खोकं न फोडता ठेवा. दोन्ही दावे एकत्र जोडून पासिंग ऑफ बेळगावात ओढता येत नाही. ढोढा हाऊसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो रस्ता बंद केला. तोही मिठाईचाच वाद होता.

म्हणून नोंदणीचा अर्ज आत्ताच टाका. ऑनलाइन टीएम-ए फॉर्म, मिठाईसाठी वर्ग ३०, एकट्या मालकाला किंवा छोट्या उद्योगाला ४,५०० रुपये फी. ‘२००४ पासून वापरात’ असं लिहून शपथपत्र आणि पुरावे जोडा. ‘वापरायचा विचार आहे’ या रकान्यावर खूण केलीत तर जुना वापर अर्जातूनच हातचा जातो. नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. कलम ३४ खाली आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण आहे, पण त्यासाठी त्याचा वापर तुमचा वापर आणि तुमची नोंदणी यांतल्या जी आधीची त्याच्याही आधीचा लागतो. हे दोघं आत्ता आलेत, त्यामुळे तिथे ते बसत नाहीत. त्यांनीच आधी अर्ज टाकला असेल तर ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांत हरकत घ्या.

तोवर थांबू नका. पासिंग ऑफच्या दाव्यात तातडीचा मनाई हुकूम मागा. जितका उशीर कराल तितकं तातडी पटवणं अवघड. नोटिशीत ‘ट्रेडमार्कचं उल्लंघन’ हे शब्द घालू नका: नोंदणी नसताना तशी धमकी दिली तर कलम १४२ खाली समोरचाच तुमच्यावर दावा करू शकतो. आणि खोक्यावर वर्तुळातलं आर छापू नका, नोंदणीआधी ते वापरायला मनाई आहे. अर्ज टाकल्यावर टीएम लिहिलं तर चालतं.