१० किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किती द्यावं?

प्रश्न: मुलगी दीड वर्षाची, वजन १० किलो. तापात पॅरासिटामॉल किती आणि किती तासांनी द्यायचं?

वयावर नाही, वजनावर जा. एका वेळी दर किलोला जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला १५० मिलिग्रॅम. आता बाटलीवरचा आकडा बघा, खरी चूक तिथेच होते. ५ मिलीत १२० असेल तर ६ मिली, २५० असेल तर फक्त ३ मिली. ड्रॉप्स तर फारच तीव्र असतात: १ मिलीत १०० असतील तर दीड मिलीच पुरे. बाटली बदलली की हिशेब पुन्हा करा. घरातला चमचा नको, सिरिंजने किंवा बाटलीसोबतच्या मापाने मोजा.

दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, चारपेक्षा कमी कधीच नाही. २४ तासांत चारच डोस, वेळ लिहून ठेवा, नाहीतर आजी एक देते आणि आई दुसरा. सर्दीच्या सिरपमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकत्र देऊ नका.

ताप तीन दिवसांपुढे गेला, मूल सुस्त पडलं किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरांकडे न्या. चुकून जास्त डोस गेला असेल तर मूल खेळतं असलं तरी लगेच रुग्णालयात न्या, यकृताला झालेली इजा सुरुवातीला दिसत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध न देता थेट डॉक्टरांकडेच.