चार पाकळ्या दिसल्या की मोहरी?

प्रश्न: शेताच्या धुऱ्यावर पिवळं रानफूल आलं आहे. चार पाकळ्या आहेत, झाडाला लांब शेंगा लागल्यात. ही रानातली मोहरीच ना? बी खाता येईल का?

नाही, मोहरी नाही. बहुतेक पिवळी तिळवण आहे. 'बहुतेक' म्हणतो कारण फूल तुम्ही पाहिलंय, मी नाही.

याच फुलावरून माझं आणि भाऊजींचं बोलणं दोन महिने बंद होतं. पोळ्याला बहिणीकडे गेलो होतो, यवतमाळ जिल्ह्यात. करीच्या दिवशी सकाळी पराटीच्या धुऱ्यावर फिरताना भाऊजींनी एक रोप उपटलं आणि पोराला म्हणाले, "पाय, चार पाकळ्या, खाली शेंग. हे मोहरी हाये." मी मध्ये तोंड घातलं. "भाऊजी, ऐन पावसाळ्यात मोहरी फुलते का?" ते म्हणाले, "रानातली हाये ना बे, तिले काय हंगाम!"

आता चार पाकळ्यांचं म्हणाल तर त्यांची मोजणी बरोबरच होती. मोहरीलाही चार, तिळवणीलाही चार, त्यामुळे निव्वळ आकड्यानं काहीच ठरत नाही. त्या चार बसल्यात कशा, ते पाहायचं. मोहरीत त्या क्रूसासारख्या चार दिशांना असतात. फूल उभं चिरा की आडवं, दोन्ही वेळा सारखेच अर्धे पडतील. तिळवणीच्या चारही पाकळ्या वरच्या अंगाला झुकलेल्या असतात, हाताची चार बोटं वर पसरावीत तशा. खालची बाजू मोकळी, आणि तिथून केसर पुढे आलेले. हे फूल उभं चिरलं तरच दोन भाग सारखे पडतात, आडवं चिरलं तर वरच्या भागात पाकळ्या आणि खालच्यात जवळजवळ काहीच नाही.

भाऊजींनी फूल तोडून तळहातावर चेपलं आणि म्हणाले, "कुठं झुकलंय? सपाट तं हाये." चेपल्यावर सपाटच होणार! म्हणून तोडण्याआधी, झाडावरच, बाजूनं पाहायचं, आणि सकाळी पाहायचं. उन्हं चढली की पाकळ्या मलूल होऊन कशाही लोंबतात. एका फुलावर जाऊ नका, तीन-चार ताजी पाहा.

मग मी केसर मोजायला लावले. मोहरीत सहा असतात, चार लांब आणि दोन आखूड. भाऊजी दहापर्यंत मोजून थांबले आणि चष्म्याला दोष दिला.

खरा निकाल मात्र दांडीवर लागतो. मोहरीच्या शेंड्याला फुलांचा आणि कळ्यांचा झुपका असतो, त्याखाली उघड्या दांडीवर शेंगा, आणि शेंगेच्या देठाशी पान नसतं. तिळवणीचं प्रत्येक फूल पानाच्या बगलेतून निघतं. शेंड्याकडे पानं बारीक होत जातात म्हणून तिथंही झुपक्याचा भास होतो, पण खालची शेंग धरून तिचा देठ दांडीला जिथं मिळतो तिथं पाहिलं की पान किंवा गळल्या पानाचा व्रण सापडतो. एवढं पाहिलं तर पाकळ्या मोजायचीही गरज पडत नाही. झाड हाताला चिकटतं, वास उग्र येतो, पान तीन किंवा पाच दलांचं असतं, हे वेगळं सांगायला नकोच.

शेंग उकलून दाखवली तेव्हा भाऊजी गप्प झाले. मोहरीच्या शेंगेत मधोमध पातळ पडदा असतो आणि टोकाला चोच. यात पडदाच नव्हता. पण संध्याकाळी बहिणीनं त्याच बियांची फोडणी दिली आणि ते जिंकल्यासारखे म्हणाले, "तडतडते ना? मंग मोहरीच!" तिळवणीचं बी लोक मोहरीच्या जागी वापरतात, हे खरं आहे. वनस्पतीशास्त्रातही ही दोन कुळं एकमेकांची जवळची नातलग मानतात. पण माझी बहीण त्यांची नातलग आहे म्हणून मी काही भाऊजी होत नाही.

खाण्याबद्दल माझ्या भरवशावर राहू नका. ओळख पक्की झाल्याशिवाय बी तोंडात घालू नये, आणि धुऱ्यावर तणनाशक मारलं असेल तर ओळख पटूनही नाही.

आणखी एक. तुम्ही भंडारा-गोंदियाकडचे असाल आणि रोप धानाच्या बांधीत, ओलीत असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथं पाणलवंगेलाही चार पिवळ्या पाकळ्या असतात, चार दिशांना अगदी सारख्या, आणि फूलही पानाच्या बगलेतच. तिची खूण म्हणजे पाकळ्या 'शेंगे'च्या टोकावर बसलेल्या दिसतात, लवंगेसारख्या. तिळवणीत शेंग पाकळ्यांच्या आतून वर निघते.

फोटो टाकणार असाल तर एक फुलाचा बाजूनं आणि एक शेंगेच्या देठाचा टाका. भाऊजी अजून दरवर्षी पोळ्याला मला एक फोटो पाठवतात, बरोब्बर वरून काढलेला.