मॅक्रो, मायक्रो आणि वेटेड एफ-१ यांत इतकी तफावत का पडते?

प्रश्न: येणाऱ्या संदेशांचे चौकशी, तक्रार आणि तातडीचे असे तीन वर्ग करणारे मॉडेल आहे. टेस्ट सेटवर मायक्रो एफ-१ ०.९३३, वेटेड ०.९२८ आणि मॅक्रो ०.६४५ आला. माझा हिशेब चुकला आहे का? अहवालात कोणता आकडा लिहू? कन्फ्यूजन मॅट्रिक्स खाली देतो. ओळीत खरा वर्ग, स्तंभात मॉडेलने दिलेला वर्ग, क्रम वरचाच.

```
880  15   5
 30  48   2
 12   3   5
```

उत्तर: हिशेब बरोबर आहे. तीनही आकडे एकाच मॅट्रिक्समधून निघतात. फरक फक्त कोणाला किती वजन दिले याचा आहे.

आधी एकेका वर्गाचा एफ-१ पाहू. तो काढण्याची सोपी रीत अशी: कर्णावरच्या संख्येची दुप्पट घ्यावी आणि तिला त्या वर्गाच्या ओळीची व स्तंभाची बेरीज मिळवून भागावे. तातडीच्या वर्गात ओळीची बेरीज २० आणि स्तंभाची १२, म्हणून १० भागिले ३२, म्हणजे ०.३१३. त्याच रीतीने तक्रारीचा ०.६५८ आणि चौकशीचा ०.९६६ येतो. या तिघांची साधी सरासरी म्हणजे मॅक्रो, ०.६४५. वेटेडमध्ये प्रत्येक वर्गाला त्याच्या खऱ्या नमुन्यांच्या प्रमाणात वजन मिळते, आणि तुमच्या १००० संदेशांत चौकशीचे ९०० असल्यामुळे ०.९२८ या आकड्यातले ०.८६९ एकट्या चौकशीकडून येतात; तातडीच्या वर्गाचा वाटा जेमतेम ०.००६ आहे.

मायक्रोमध्ये वर्गवार आकडे काढलेच जात नाहीत, सगळ्या चुका एकत्र मोजल्या जातात. एका संदेशाला एकच वर्ग असल्यामुळे प्रत्येक चूक एका वर्गासाठी चुकीचा होकार असते आणि दुसऱ्यासाठी चुकीचा नकार. दोन्हींची वेगवेगळी बेरीज ६७ च येते, म्हणून मायक्रो प्रिसिजन, रिकॉल आणि एफ-१ एकच असतात आणि ते अ‍ॅक्युरसीइतके असतात: १००० पैकी ९३३. म्हणूनच scikit-learn चे `classification_report` सर्व वर्ग हिशेबात असताना मायक्रोची ओळ न दाखवता `accuracy` दाखवते. अहवालात अ‍ॅक्युरसी आणि मायक्रो एफ-१ शेजारीशेजारी लिहून दोन पुरावे दिल्याचा भास मी अनेकदा पाहिला आहे. पुरावा एकच असतो.

मॅक्रो लहान वर्गाला न्याय देतो, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे, पण त्याची किंमत समजून घ्यायला हवी. समजा, चौकशीत गेलेल्या १२ तातडीच्या संदेशांपैकी फक्त ३ पुढच्या वेळी योग्य वर्गात पडले. त्या वर्गाचा एफ-१ ०.३१३ वरून ०.४५७ वर जातो, मॅक्रो ०.६४५ वरून ०.६९४ वर, आणि मायक्रो मात्र ०.९३३ वरून केवळ ०.९३६ वर. वीसच नमुन्यांच्या वर्गात ३ संदेश इकडचे तिकडे होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. दोन मॉडेलांच्या मॅक्रोमध्ये ०.०५ चा फरक दिसला, तर तो जाहीर करण्यापूर्वी किती संदेशांमुळे पडला हे मोजून पाहा.

आता वर्गांचे आकार बदलले तर काय होते, ते पाहू. मॉडेल तेच, प्रत्येक वर्गात चुकांचे प्रमाणही तेच, फक्त टेस्ट सेटमध्ये प्रत्येक वर्गाचे ३६० संदेश घेतले:

```
352    6    2
135  216    9
216   54   90
```

मायक्रो ०.९३३ वरून थेट ०.६०९ वर येतो. आकार समान असल्यामुळे वेटेड आणि मॅक्रो एफ-१ एकच होतात, ०.५७७. मॅक्रो वर्गांच्या आकारापासून मुक्त असतो असे सर्रास म्हटले जाते, पण इथे तोही ०.६४५ वरून घसरला. कारण प्रिसिजनमध्ये आहे: चौकशीच्या स्तंभात आता इतर वर्गांचे ३५१ संदेश आले आहेत, त्यामुळे तिचा एफ-१ ०.९६६ वरून ०.६६२ झाला. आकार बदलूनही जागचा हलत नाही तो मॅक्रो रिकॉल, कारण रिकॉल फक्त स्वतःच्या ओळीवर ठरतो. दोन्ही टेस्ट सेटवर तो ०.६०९ आहे. यालाच बॅलन्स्ड अ‍ॅक्युरसी म्हणतात.

त्यामुळे तुमच्या अहवालात मी मॅक्रो एफ-१ ठळक लिहीन, त्याखाली तिन्ही वर्गांचे प्रिसिजन, रिकॉल आणि नमुन्यांची संख्या देईन, आणि वेगळ्या प्रमाणाच्या टेस्ट सेटशी तुलना करायची असेल तर ती मॅक्रो रिकॉलवर करीन. प्रत्यक्षात संदेश याच ९०:८:२ प्रमाणात येत असतील आणि एकूण किती संदेश हाताने दुरुस्त करावे लागतील एवढेच विचारले जात असेल, तर ०.९३३ हाच योग्य आकडा आहे. मात्र त्याच्या शेजारी हेही लिहा, की २० पैकी १५ तातडीचे संदेश मॉडेलच्या हातून निसटले.