कॅश, साठवण आणि 'दरमर्यादा'

प्रश्न: आमच्या ॲपमध्ये पुण्यातले हजारो पत्ते नकाशावर शोधले जातात. ॲपच्या मराठी सूचनांत 'कॅश'साठी 'रोख साठा' आणि 'रेट लिमिट'साठी 'दरमर्यादा' चालेल का?

'रोख साठा' नको, त्याने तिजोरी आठवते. हा कॅश पैशांचा नाही. 'लपवणे' अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला. मी 'साठवण' म्हणेन: एकदा मिळालेले अक्षांश-रेखांश पुन्हा न विचारता वापरायचे. प्रोग्रामर आपसात 'कॅश' म्हणोत, बिघडत नाही.

'दरमर्यादा' वाचून मात्र भाजीचा भाव आठवतो. 'विनंतीमर्यादा' म्हणा. ओपनस्ट्रीटमॅपच्या नॉमिनॅटिम या सार्वजनिक सेवेची मर्यादा सेकंदाला जास्तीत जास्त १ विनंती आहे, आणि ती संपूर्ण ॲपची मिळून. चार यंत्रे प्रत्येकी सेकंदाला एक विचारू लागली तर मर्यादा मोडलीच. समजा ६,००० पत्ते आहेत. मग किमान १०० मिनिटे लागणार. त्यातले निम्मे आधीच साठवणीत असले, तर ५०.

पण साठवणीत पत्ता सापडायला तो एकाच रूपात लिहिलेला हवा. पुणेकर 'सदाशिव पेठ, पुणे ३०' लिहितो, दुसरा 'सदाशिव पेठ, ४११०३०', तिसरा इंग्रजीत. ठिकाण एकच, पण यंत्रासाठी हे तीन पत्ते, म्हणून तीन विनंत्या. विचारण्याआधी 'पुणे ३०'चे '४११०३०' करा, जादा जागा आणि स्वल्पविराम काढा, लिपी एक करा. घर क्रमांकाला मात्र हात लावू नका. पेठेत तोच तर खरा पत्ता.

शब्दांची चूक सर्वांत महाग पडते ती इथे. मर्यादा ओलांडली की सेवा बहुधा असे उत्तर देते:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 60
```

याचा अर्थ 'मिनिटभर थांबा'. ही दुसरी ओळ प्रत्येक सेवा पाठवतेच असे नाही. नसेल तर दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करत जा. आमच्या एका कामात हे उत्तर 'पत्ता सापडला नाही' असे समजून साठवले गेले होते. मर्यादेची अडवणूक उठली, तरी साठवण रोज तेच सांगत राहिली. लक्षात कसे आले? न सापडलेले पत्ते यादीत विखुरलेले नव्हते, सलग शेदोनशेच्या पट्ट्यात होते, आणि त्यातला कुठलाही एकेकटा विचारला की लगेच सापडायचा.

म्हणून सूचना दोन ठेवा. 'हा पत्ता सापडला नाही' हे उत्तर आहे. ते थोड्या दिवसांसाठी साठवावे, कारण नकाशात भर पडत असते. 'विनंतीमर्यादा संपली, थोड्या वेळाने पुन्हा शोधू' हे उत्तरच नाही; ते साठवू नये, पत्ता परत रांगेत लावावा.

आणि साठवणीची मुदत मनाने ठरवू नका. गूगलच्या अटींत अक्षांश-रेखांश ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतात; त्या जागेचा प्लेस आयडी मात्र कायम ठेवता येतो. मुदत उलटल्यावर काढतात ती 'शिळी नोंद', आणि हा शब्द मला 'एक्सपायर्ड'पेक्षा कितीतरी बरा वाटतो.